चौदा रुपयांची चिठ्ठी

१४ सप्टेंबर २०२४, शनिवार. गौरी-गणपती होऊन गेले होते आणि अनंत चतुर्दशी तीन दिवसांवर होती. त्या दिवसापासून आयात खाद्यतेलावरचं सीमाशुल्क वाढलं. कच्चं सोयाबीन, पाम आणि सूर्यफूल तेल यांवरचा एकूण कर साडेपाच टक्क्यांवरून साडेसत्तावीसवर गेला, शुद्ध केलेल्या तेलावरचा पावणेचौदावरून पावणेछत्तीसवर. आपल्याला लागणारं निम्म्याहून अधिक खाद्यतेल बाहेरून येतं. त्यामुळे बंदरावर लागलेला कर आठवड्याभरात किराणा दुकानाच्या फळीवर दिसू लागला.

निर्णयामागचं कारण आपल्याच शेतातलं होतं. त्या हंगामासाठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये जाहीर झाला होता, पण बाजारात त्याहून कमीच मिळत होते. स्वस्त आयात तेल रोखलं तर लातूर-विदर्भाकडच्या सोयाबीनला उठाव येईल, असा तो विचार. मला तो चुकीचा वाटत नाही. पण दिवाळी अवघ्या दीड महिन्यावर आली होती, आणि घरगुती फराळ करणाऱ्यांच्या दृष्टीने त्याहून वाईट वेळ असू शकत नाही. परदेशी जाणाऱ्या फराळाची पार्सलं आधी निघतात, म्हणून त्यांचं बुकिंग गणपतीपासूनच सुरू होतं. भाव सांगून झालेले असतात, काही ठिकाणी आगाऊ पैसेही घेतलेले असतात.

मी लहान उद्योगांचे हिशेब लिहितो. आमच्या गल्लीतल्या एक काकू अनेक वर्षं फराळ करून देतात. सत्तरेक घरं त्यांची बांधलेली आहेत आणि त्यांतली बहुतेक चकलीसाठी येतात. त्या आठवड्यात एका संध्याकाळी काकू हातात कागद घेऊन आल्या. कागदावर त्यांनी गिऱ्हाइकांसाठी मजकूर लिहिला होता: ‘वाढत्या महागाईमुळे नाइलाजास्तव दरात वाढ करावी लागत आहे, तरी सहकार्य करावे.’ खाली चकलीचा भाव ३६० रुपये किलोवरून ४३० केला होता.

“सत्तर रुपये कसे काढलेत?” मी विचारलं.

“तेल वीस टक्क्यांनी वाढलं ना रे. मग मीही तेवढंच वाढवलं.”

अशा चिठ्ठ्यांतली सर्वांत मोठी चूक हीच असते, आणि ती करणारे लोक लबाड नसतात. एका जिनसाचा भाव वीस टक्क्यांनी चढला की तयार मालही वीस टक्क्यांनी महागला, असं मनात आपोआप बसतं. पण चकली म्हणजे नुसतं तेल नव्हे. तीनशे साठ रुपयांत तेलाचे किती, हे आधी काढायला हवं. ते काढायचं तर एका किलो चकलीत तेल किती जातं, ते माहीत पाहिजे. काकूंना डोळ्यांनी माहीत होतं, वजनाने नव्हतं.

म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही एक घाणा वजनकाट्यावर काढला. भाजणी दोन किलो. तिच्यात मोहन घातलं दोनशे ग्रॅम. कढईत तेल ओतलं अडीच किलो, तेही मोजून. काकू सोऱ्याने कागदावर वेढे पाडत होत्या, त्यांच्या मदतनीस बाई त्या चकल्या अलगद तेलात सोडत होत्या. बुडबुडे शमले की चकली तळली गेली, ही त्यांची खूण. घाणा संपल्यावर तेल निवू दिलं आणि पुन्हा तोललं, तर एक किलो आठशे साठ ग्रॅम भरलं. म्हणजे सहाशे चाळीस ग्रॅम चकल्यांनी प्यायलं. मोहन धरून आठशे चाळीस. तयार चकली भरली दोन किलो आठशे. भागाकार केला तर किलोला बरोबर तीनशे ग्रॅम तेल आलं.

यात आणखी एक वाटा असतो आणि तो हिशेबातून हमखास सुटतो. कढईतलं उरलेलं तेल कायम वापरता येत नाही. रोज नवी भर घालत गेलं तरी काही घाण्यांनंतर ते काळपट होतं, चिकट होतं, तापल्यावर धूर लवकर येतो, फेस वर येऊन बसतो आणि मालाला खवट वास लागतो. वारंवार तापवल्याने तेलात जी घातक संयुगं साठतात, त्यांची मर्यादा अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २५ टक्के ठरवून दिली आहे. १ जुलै २०१८ पासून हा नियम आहे. घरी ती मोजायची सोय नसते, तेव्हा वरच्या खुणा दिसल्या की तेल काढून टाकायचं. काकूंकडे साधारण चाळीस किलो चकलीमागे दोन किलो तेल असं जातं, म्हणजे किलोला पन्नास ग्रॅम. तीनशे आणि पन्नास मिळून साडेतीनशे ग्रॅम. तेल महागलं की हे टाकायचं तेल आणखी दोन दिवस चालवायचा मोह होतो. भाववाढीची चिठ्ठी लिहायला संकोच करणारे बरेचदा तो संकोच कढईत फेडतात, आणि मग गिऱ्हाईक भावापायी नव्हे, चवीपायी जातं.

आता तेलाचा भाव. इथे काकूंच्या कागदावर दुसरी चूक होती आणि ती नेमकी उलट दिशेने होती. ऑगस्टमध्ये त्यांनी डबा घेतला होता १,८०० रुपयांना. सप्टेंबरात घेतला १,९९० रुपयांना. “डब्याला एकशे नव्वद वाढले,” त्या म्हणाल्या, “पण लोक वीस टक्के म्हणतात, म्हणून मी वीस धरले.” मी दोन्ही डबे पाहिले. ऑगस्टचा डबा पंधरा किलोचा होता, सप्टेंबरचा पंधरा लिटरचा. डबे दिसायला सारखेच. पण लिटरभर तेलाचं वजन साधारण ९१० ग्रॅम असतं. पंधरा लिटरच्या डब्यात तेल असतं १३ किलो ६५० ग्रॅम, आणि ते डब्याच्या बाजूला बारीक अक्षरात छापलेलंही असतं. तेव्हा जुनं तेल १२० रुपये किलो पडलं होतं आणि नवं १४६ रुपये. वाढ साडेदहा टक्क्यांची नव्हती, जवळपास बावीस टक्क्यांची होती. लोक म्हणत होते ते खरंच होतं, फक्त काकूंच्या वहीत ते दिसत नव्हतं. पाककृती वजनाने आणि खरेदी मापाने, असा घोळ तेलाचं काम करणाऱ्या पुष्कळ घरांत चालतो.

इतकं झाल्यावर बाकीचं सोपं होतं. साडेतीनशे ग्रॅम तेल जुन्या भावाने ४२ रुपयांचं, नव्या भावाने ५१ रुपये १० पैशांचं. वाढ ९ रुपये १० पैसे. तीनशे साठातले तेलाचे बेचाळीस! उरलेले तीनशे अठरा भाजणीचे, तिखट-तिळाचे, गॅसचे, पाऊचचे, मदतीला येणाऱ्या बायकांच्या मजुरीचे, जागेचे, ने-आणीचे आणि काकूंच्या स्वतःच्या मेहनतीचे.

भाजणीतही एक जिन्नस चढला होता. काकूंचं प्रमाण चार किलो तांदूळ, दोन किलो हरभरा डाळ, एक किलो मूगडाळ आणि एक किलो उडीदडाळ असं, धणे-जिरे वेगळे. त्या वर्षी हरभरा डाळ त्यांना ८५ रुपयांची १०५ झाली होती. दोन किलोला चाळीस रुपये जास्त, म्हणजे आठ किलो भाजणीत किलोमागे पाच. आमच्या घाण्यात दोन किलो भाजणीची दोन किलो आठशे चकली झाली, म्हणजे एका किलो चकलीला भाजणी लागते सुमारे सातशे दहा ग्रॅम. वाढ साडेतीन रुपयांची. पाऊच आणि खोका मिळून आणखी एक रुपया. सगळं धरून साडेतेरा रुपयांच्या थोडं वर गेलं. आम्ही चौदा धरले.

सत्तर कुठे आणि चौदा कुठे! काकू बराच वेळ त्या आकड्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “एवढ्यासाठी मी लोकांकडे ४३० मागणार होते?”

इथे एक प्रश्न व्यापाराचा येतो. काकूंना किलोला सगळा खर्च जाऊन साधारण ७२ रुपये उरत होते, म्हणजे विक्रीच्या वीस टक्के. खर्च चौदाने वाढला आणि नफा वीस टक्केच ठेवायचा, तर भाव साडेसतरा रुपयांनी वाढवावा लागतो. पुष्कळ दुकानदार तसंच करतात आणि त्यांचं गणित चुकीचं नाही; त्यांना भांडवलावर व्याज द्यायचं असतं, महागडा माल साठवायचा असतो. पण चिठ्ठीत ‘कच्चा माल महागला म्हणून’ असं लिहायचं असेल, तर वाढ कच्च्या मालाचीच असावी, असं माझं स्पष्ट मत आहे. नफ्याचे रुपये जेवढे होते तेवढेच ठेवा. नफाही वाढवायचा असेल तर वाढवा, तुमचा हक्क आहे, पण तो तेलाच्या नावावर लिहू नका.

मजुरीबद्दल हाच पेच आला. मदतीला येणाऱ्या दोघींचा रोज वाढवायचं काकूंच्या मनात होतं. “आत्ताच भाव वाढवतेय, तर त्यातच घालून टाकू का?” घालायला हरकत नव्हती, पण मग चिठ्ठीत दोन कारणं लिहायला हवी होती. काकूंचा रिवाज गुढीपाडव्याला रोज वाढवायचा. त्यांनी तोच पाळायचं ठरवलं आणि दोघींना तसं त्याच दिवशी सांगितलं. चिठ्ठीत एकच कारण राहिलं.

नवा भाव आला ३७४. काकूंनी ३७५ केला आणि तो एक रुपया पूर्णांकासाठी आहे हे स्वतःशी कबूल केलं. पण त्यांचा बहुतेक माल अर्ध्या किलोच्या पाकिटांत जातो. जुना भाव १८०, नवा साडेसत्त्याऐंशी. लगेच सूचना आली की सरळ १९० करा. पूर्वी सुट्ट्या पैशांसाठी तसं करावंच लागे. आता काकूंकडे बहुतेक जण फोनवरून पैसे पाठवतात, तिथे १८८ आणि १९० यांत काही अडत नाही. १९० म्हणजे किलोला ३८० झाले असते आणि पाच रुपये अकारण वर गेले असते. १८८ ठरले. शंभर पाकिटांमागे दोनशे रुपये सोडले, असंही कोणी म्हणेल. पण १८८ हा आकडा पाहिला की हिशेब करून काढलाय हे कुणालाही कळतं.

सगळ्या जिनसांना एकच टक्का लावायचा नाही, हेही तेव्हाच ठरलं. बेसनलाडवात तेल नाही, तूप आहे, आणि काकूंच्या तुपाचा भाव बदललेला नव्हता. पण किलोभर लाडवात चारशे ग्रॅम बेसन जातं, ते हरभरा डाळीचं. तिथे आठ रुपये वाढले, म्हणून ५६० चे ५६८ झाले. पातळ पोह्यांच्या चिवड्यात तेल थोडं, डाळवं त्याहून थोडं. किलोला चारेक रुपये खर्च वाढला. तो काकूंनी स्वतः सोसला आणि भाव तोच ठेवला.

मग प्रश्न आला, कधीपासून? काकूंकडे १४० किलो चकलीचं बुकिंग जुन्या भावाने झालं होतं, त्यात सिंगापूर आणि दुबईला जाणारी पार्सलं होती. त्यांच्या माहितीतल्या एका दुकानदाराने सल्ला दिला की बाजार आजचा, म्हणून भावही आजचा. बुकिंगवाल्यांना फरक भरायला सांगा. मला हे मान्य नव्हतं. भाव सांगून मागणी घेतली, ती पक्की झाली, की तो करार झाला. मग तो तोंडी असो की मोबाइलवरच्या दोन ओळींत. शिवाय काकूंकडे ऑगस्टमध्ये घेतलेले पंधरा किलोचे तीन डबे चकलीसाठी राखून ठेवलेले होते. पंचेचाळीस किलो तेल, किलो चकलीला साडेतीनशे ग्रॅम, म्हणजे जवळपास १२८ किलो चकली जुन्या तेलातच निघणार होती. बुकिंग १४० किलोचं. उरलेल्या बारा किलोंवर आणि डाळीवर सोसायचं ते पाच-सातशे रुपयांच्या आतबाहेर होतं. काकूंनी ते सोसलं. नवा भाव १ ऑक्टोबरपासून, आणि ३० सप्टेंबरपर्यंत पक्क्या झालेल्या मागण्या जुन्या भावाने, असं ठरलं.

ज्यांची पाकिटं छापील किमतीची असतात त्यांना इथे एक कायदेशीर गोष्ट सांभाळावी लागते. वेष्टनबंद वस्तूंच्या २०११ च्या वजनमाप नियमांप्रमाणे छापील कमाल किमतीवर जास्त किमतीची चिकटपट्टी लावता येत नाही. किंमत कमी करायची असेल तर लावता येते, तीही जुनी किंमत झाकली जाणार नाही अशी. म्हणजे १८० छापलेलं पाकीट १ ऑक्टोबरनंतरही १८० लाच विकावं लागतं, चिठ्ठीत काहीही लिहिलेलं असो. काकूंकडे जुन्या किमतीचे लेबल छापून पडले होते. बुकिंगच्या मालाला ते वापरून संपवायचे आणि पुढच्या मालाला नवे छापायचे, असं केलं. तारीख ठरवण्याआधी शिल्लक लेबलं मोजावीत, ती अशासाठी.

चिठ्ठी न लिहिताही भाव वाढवता येतो, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पाच रुपयांचा बिस्किटाचा पुडा वर्षानुवर्षं पाच रुपयांचाच राहतो आणि आतली बिस्किटं कमी होत जातात. मोठ्या कारखान्याला ते परवडतं, कारण वजन पुड्यावर छापलेलं असतं आणि गिऱ्हाईक समोर उभं नसतं. काकूंनाही कोणीतरी सुचवलं होतं: पाकीट १८० लाच ठेवा, आत चारशे ऐंशी ग्रॅम भरा, लेबलवर तसं छापा. कायद्याने चाललं असतं. पण फराळ घेणारी बाई घरी गेल्यावर चकल्या डब्यात भरते. दरवर्षी तोच डबा, तेवढाच भरतो. या वर्षी तो बोटभर रिकामा राहिला की तिला कळतं, आणि ती काही बोलत नाही. पुढच्या वर्षी फोन येत नाही.

म्हणून चिठ्ठी. पहिला मजकूर आम्ही बाजूला ठेवला. ‘वाढती महागाई’ या शब्दांत काही चूक नाही, पण त्यातून वाचणाऱ्याला काहीच कळत नाही. तेच शब्द शाळेच्या बसवाल्याच्या आणि केबलवाल्याच्या चिठ्ठीतही असतात. ‘नाइलाजास्तव’ लिहिलं की आपण काहीतरी वाईट करतोय असा सूर लागतो. ‘सहकार्य करावे’ हे सोसायटीच्या पाण्याच्या सूचनेत शोभतं. दूधसंघ भाव वाढवतात तेव्हा लिटरमागे दोन रुपये, अमुक तारखेपासून, असं साधं सांगतात, आणि लोक कुरकुरले तरी त्यांना आकडा कळलेला असतो. काकूंच्या चिठ्ठीत तेवढंच हवं होतं: काय, किती, का, कधीपासून, आणि काय बदललेलं नाही. बऱ्याच खाडाखोडीनंतर ती अशी झाली:

*सप्रेम नमस्कार.*

*दिवाळीच्या फराळाचे दर या वर्षी थोडे बदलत आहेत, ते आधी कळवते.*

*चकली किलोला ३६० रुपये होती, ती ३७५ होईल. अर्धा किलो १८८. बेसनलाडू किलोला ५६० चे ५६८ होतील. चिवडा, शंकरपाळे आणि करंजी यांचे भाव गेल्या वर्षीचेच आहेत.*

*कारण असे की, तेल मला ऑगस्टमध्ये १२० रुपये किलो पडत होते, ते आता १४६ पडते. एका किलो चकलीला साडेतीनशे ग्रॅम तेल लागते, तिथे नऊ रुपये वाढले. हरभरा डाळ किलोमागे वीस रुपयांनी महागली. बाकीची वाढ भाजणीची आणि पाऊचची आहे.*

*नवे दर १ ऑक्टोबरपासून लागू होतील. ३० सप्टेंबरपर्यंत ज्यांच्या मागण्या पक्क्या होतील त्यांना जुनाच भाव लागेल. ज्यांनी आधीच सांगितले आहे त्यांनी काही करायचे नाही.*

*पाकिटाचे वजन, भाजणीचे प्रमाण आणि तेल यांत काही बदल केलेला नाही. दिवाळीनंतर तेलाचा भाव पाहून पुन्हा हिशेब करीन आणि तुम्हाला कळवीन.*

*काही विचारायचे असेल तर दुपारी दोननंतर फोन करावा. सकाळी तळण असते.*

शेवटची ओळ काकूंची स्वतःची आहे. मी ती काढणार होतो, बरं झालं नाही काढली. ती वाचली की कढईपुढे उभी असलेली बाई दिसते.

एका वाक्यावर मात्र आमचा वाद झाला. काकूंना लिहायचं होतं, ‘तेल उतरले की भाव कमी करीन.’ मन चांगलं होतं, पण ते वचन पाळणं त्यांच्या हाती नव्हतं. तेल उतरेल आणि त्याच वेळी डाळ चढेल, मग काय करणार? ‘पुन्हा हिशेब करीन आणि कळवीन’ हे वचन त्या पाळू शकत होत्या. म्हणून तेवढंच लिहिलं.

२० सप्टेंबरला चिठ्ठी सगळ्यांना मोबाइलवर गेली. वयस्क अशा आठ-दहा घरांत काकूंनी छापील कागद स्वतः नेऊन दिला. हे मला फार मोलाचं वाटतं. ज्या आजींकडे आपण दरवर्षी चकली पोचवतो, त्यांना नवा भाव पाकीट हातात देताना सांगणं बरं दिसत नाही. पैसे मोजून ठेवलेले असतात, उंबऱ्यात उभं राहून हिशेब बदलावा लागतो, आणि कितीही लहान रक्कम असली तरी दोघींना अवघडल्यासारखं होतं. दहा दिवसांची सवड या अवघडलेपणासाठी ठेवायची असते. तेवढ्या अवधीत कोणी मागणी वाढवतं, कोणी कमी करतं. दोन्ही त्यांच्या मर्जीने होतं.

प्रतिसाद आले ते बहुतेक एका शब्दाचे, ‘ठीक आहे’. तिघांनी चकली किलोवरून अर्ध्यावर आणली. एका बाईंनी विचारलं, चिवड्यातही तेल असतं, मग तो कसा नाही वाढला? काकूंनी त्यांना चार रुपयांचा हिशेब सांगितला आणि तो आपण सोसतोय हेही सांगितलं. निवृत्त बँक अधिकारी असलेल्या एका गृहस्थांनी फोन करून साडेतीनशे ग्रॅम तेल फार वाटतं असं म्हटलं. काकूंनी त्यांना कढईच्या वजनापासून टाकलेल्या तेलापर्यंत सगळं ऐकवलं. त्यांनी दोन किलोची मागणी कायम ठेवली. चिठ्ठीत आकडा लिहिला की त्यावर प्रश्न येणारच. उत्तर देता येईल तोच आकडा लिहावा.

पुढे ३० मे २०२५ ला सरकारने कच्च्या तेलावरचं मूळ सीमाशुल्क वीस टक्क्यांवरून दहावर आणलं. एकूण कर साडेसत्तावीसवरून साडेसोळावर आला. वर्तमानपत्रात बातमी आली तशी काकूंना एका घरातून विचारणा झाली. जूनमध्ये त्यांना पंधरा लिटरचा डबा १,९१० रुपयांना मिळाला, म्हणजे किलोला १४० रुपये. कर अकरा टक्क्यांनी उतरला, काकूंच्या हातातलं तेल चारच टक्क्यांनी. मधल्या काळात जागतिक बाजारही हलत असतो आणि जुना महाग साठाही संपायचा असतो. सहा रुपये किलो उतरलेलं तेल चकलीत साडेतीनशे ग्रॅमला दोन रुपये दहा पैसे होतं.

काकूंनी दुसरी चिठ्ठी लिहिली, चारच ओळींची. तेल थोडं उतरलं आहे, चकलीमागे दोन रुपयांचा फरक पडतो, एवढ्यासाठी भाव बदलत नाही, दिवाळीला पुन्हा पाहीन. या वेळी त्या कागद घेऊन माझ्याकडे आल्या नाहीत. चिठ्ठी पाठवून झाल्यावर मला दाखवली. हिशेब बरोबर होता, आणि डब्याचं वजन त्यांनी किलोत लिहिलं होतं.